समुद्राला आग, मासा झाडावर: कबीराच्या साखीचा अर्थ बरोबर लागला हे ओळखायचं कसं?

परळकर

मंडळी, जरा अडलो आहे. आमच्या चाळीतलं भजनी मंडळ आषाढीच्या आधी एक संध्याकाळ परप्रांतातल्या एखाद्या संतासाठी ठेवतं. यंदा कबीर. बुवांनी चाल बांधली, तबलजी खूश, आणि निरूपण माझ्या गळ्यात पडलं. साखी, म्हणजे त्याचं दोन ओळींचं वचन, ही:

समंदर लागी आगि, नदियां जलि कोइला भई।
देखि कबीरा जागि, मंछी रूखां चढ़ि गई॥

समुद्राला आग लागली, नद्या जळून कोळसा झाल्या, कबीरा जागा होऊन बघ, मासळी झाडावर चढली. इथवर सगळ्यांचं एकमत. पुढे बुवा म्हणतात, समुद्र म्हणजे संसार, आग म्हणजे तृष्णा, आणि मासळी म्हणजे बिचारा जीव, पाणी आटल्यामुळे झाडावर तडफडतोय. आमच्या ऑफिसातले बनारसचे एक स्नेही म्हणतात, छे, आग ज्ञानाची, आणि मासळी सुटली! तबलजींच्या मते सगळी कुंडलिनी. माझी बहीण म्हणते, उगाच डोकं खाऊ नकोस, नुसती गंमत आहे.

बुवांच्या अर्थात मासळी मरते आणि स्नेह्यांच्या अर्थात तरते. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? मला 'अमक्याचा अर्थ तमका' अशी यादी नको आहे, ती चार ठिकाणी मिळाली. अर्थ लागला की नाही हे तपासायचं कसं, ते सांगा.

चिंगी_गिरगाव

अय्या, उलटी भाषा! आम्ही शाळेत 'च'ची भाषा बोलायचो, चमी चरीघ चतेजा वगैरे. बाईंना काही कळायचं नाही. कबीर पण तसंच करायचा का? म्हणजे अक्षरं उलटी करून वाचायचं?

परळकर

नाही हो ताई, अक्षरं सरळच आहेत. जग उलटं आहे.

सदानंद_काका

परळकर, तुमचे तबलजी बरोबर आहेत. ही सगळी योगाची सांकेतिक भाषा आहे. समुद्र म्हणजे मूलाधार, आग म्हणजे जागृत कुंडलिनी, नद्या म्हणजे इडा-पिंगला, मासळी म्हणजे प्राण आणि झाड म्हणजे मेरुदंड. प्राण सुषुम्नेतून वर चढला, संपलं. आपल्या मुक्ताबाईंची 'मुंगी उडाली आकाशीं' घ्या, तिथेही तेच. मुंगी म्हणजे कुंडलिनी, सूर्य म्हणजे पिंगला. एकदा ही किल्ली हातात आली की सगळी कुलपं उघडतात. मी बरीच वर्षं साधनेत आहे, म्हणून सांगतो.

गण्या_दादर

सगळी कुलपं एकाच किल्लीने उघडत असतील तर काका, कुलपंच मोडकी आहेत.

हे बघा, मीही लावतो अर्थ. समुद्र म्हणजे मुंबई. आग म्हणजे घरांचे भाव. नद्या म्हणजे मध्य, पश्चिम आणि हार्बर रेल्वे, जळून कोळसा झालेल्या. मासळी म्हणजे मराठी माणूस, चाळ पाडली आणि बाविसाव्या मजल्यावर चढला. देखि कबीरा जागि! बसला की नाही चपखल? कशालाही काहीही चिकटवता येतं, हेच माझं म्हणणं.

मंजिरी_पार्ले

गण्याभाऊ, हसले, पण तुमचा अर्थ नंतर कामाला येणार आहे, तो पुसू नका.

परळकर, मी मध्ययुगीन हिंदी कविता बरीच वर्षं शिकवली. वर्गात पहिल्या दिवशी मी मुलांना एकच सांगायचे: साखी एकटी वाचू नका, तिचा शेजार बघा. श्यामसुंदर दासांनी संपादन केलेली 'कबीर ग्रंथावली' १९२८ साली काशीच्या नागरीप्रचारिणी सभेने काढली. तिच्यात साख्या अंगांमध्ये, म्हणजे विषयवार गटांत लावलेल्या आहेत. तुमची साखी 'ज्ञान बिरह कौ अंग' या गटात येते. तृष्णेच्या किंवा मायेच्या अंगात ती नाही. इथेच बुवांच्या अर्थाला पहिला धक्का बसतो. पण मथळ्यावर थांबू नका, शेजारणी काय म्हणतात ते ऐका.

एक म्हणते:

हिरदा भीतरि दौं बलै, धूवां न प्रगट होइ।
जाकै लागी सो लखै, कै जिहि लाई सोइ॥

काळजात वणवा पेटलाय पण धूर दिसत नाही. ज्याला लागला त्याला कळतो, नाहीतर ज्याने लावला त्याला. म्हणजे आग बाहेरच्या जगात नाही, आत आहे, आणि ती आपोआप लागलेली नाही, कोणीतरी लावली आहे. कोणी? त्याच अंगात पुढे:

दौं लागी साइर जल्या, पंषी बैठे आइ।
दाधी देह न पालवै, सतगुर गया लगाइ॥

वणवा लागला, सागर जळला, आणि 'सतगुर गया लगाइ'. काडी सद्गुरूने लावली आहे! आता सांगा, सद्गुरू शिष्याच्या काळजात तृष्णा पेटवील का? बुवांचा अर्थ एकट्या साखीत छान बसतो, पण या ओळीपाशी आला की अडतो.

आणि हीच कसोटी गण्याभाऊंच्या मुंबईला लावा. घरांचे भाव कुठल्या सद्गुरूने वाढवले? धूर न दिसणारी आग कुठली? अर्थ एका दोह्यात बसणं सोपं असतं. शेजारच्या पाच-सहा दोह्यांतून तोच अर्थ न वाकवता चालत गेला पाहिजे. कशालाही काहीही चिकटतं हे खरं, पण ते टिकत नाही.

गण्या_दादर

मान्य, सद्गुरूपाशी माझा बिल्डर पडला. पण हे अंग कबीराने पाडले का? तो तर म्हणतात 'मसि कागद छूयो नहीं'वाला, शाई-कागदाला हातही न लावलेला. मथळे दुसऱ्या कोणीतरी घातले असणार. मग तुम्ही कबीर वाचताय की संकलन करणारा?

मंजिरी_पार्ले

बरोबर पकडलंत. अंग पाडणं हे पुढच्या संकलकांचं काम आहे. शिखांच्या १६०४च्या आदि ग्रंथात कबीराचे श्लोक आहेत, तिथे असे अंग नाहीत. कबीरपंथीयांच्या बीजकातल्या साख्याही अंगांत लावलेल्या नाहीत. तेव्हा मथळा म्हणजे कबीराची सही नव्हे. पण कबीरानंतरच्या काळात, त्याच परंपरेत ही वाणी रोज गाणाऱ्या माणसांना ही साखी कुठे ठेवावीशी वाटली, याची ती साक्ष आहे. साक्ष उलटतपासता येते, नाकारायची गरज नाही. म्हणूनच मी मथळ्यापेक्षा आतल्या मजकुरावर जास्त भार देते.

आणि आतला सगळ्यात मोठा पुरावा तर अजून दिलाच नाही. तुमच्या साखीची सख्खी बहीण म्हणावी अशी ही:

पाणी माहैं प्रजली, भई अप्रबल आगि।
बहती सलिता रहि गई, मच्छ रहे जल त्यागि॥

पाण्यात भडका उडाला, आग अनावर झाली. वाहती नदी थांबली, माशांनी पाणी सोडलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. तुमच्या साखीत नद्या 'कोळसा झाल्या', इथे त्या 'वाहायच्या थांबल्या'. तुमच्याकडे मासळी 'झाडावर चढली', इथे तिने 'पाणी टाकलं'. एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे, एकदा अंगावर येईल अशी आणि एकदा जरा सौम्य करून. सौम्य ओळ ही भडक ओळीची टीकाच समजा.

परळकर

हे फार कामाचं आहे. म्हणजे नद्या जळणं यात मुद्दा जळण्याचा नाही, वाहणं थांबण्याचा आहे?

मंजिरी_पार्ले

हो. आता नदी करते काय ते बघा. ती सतत समुद्राकडे धावते, त्याला भरत राहते. अंतःकरणाकडे सतत धावणारं काय? इंद्रियांतून येणाऱ्या वृत्ती. डोळ्यांनी बघितलं, कानांनी ऐकलं, सगळं वाहत आत. म्हणून समुद्र म्हणजे वासनांनी भरलेलं अंतःकरण आणि नद्या म्हणजे वृत्ती हा अर्थ मला पटतो. काही जण समुद्राला भवसागर म्हणतात. मी त्यांच्याशी भांडत नाही, पण 'हिरदा भीतरि' ही ओळ माझ्या बाजूने आहे.

आता उलटेपणा नक्की कुठे आहे ते शोधायचं. पाण्याला आग लागणं हा झाला ढोबळ चमत्कार. त्याच्या आत आणखी एक बारीक उलट आहे. आग आधी समुद्राला लागते आणि तिथून नद्यांकडे जाते. नद्या समुद्राकडे येतात, आग समुद्राकडून नद्यांकडे, म्हणजे प्रवाहाच्या उलट चढते. एकेक इंद्रिय दाबून मन शांत करायचं हा सुलट मार्ग. कबीर म्हणतो, आधी मूळच पेटू दे, नद्या आपोआप सुकतील. धडा त्या बारीक उलट्यात आहे. नुसतं 'समुद्र म्हणजे हे, नदी म्हणजे ते' असं कोष्टक मांडलं की तो हातातून निसटतो.

वरळीचा_दर्यावर्दी

मी कोळीवाड्यातला. दोन गोष्टी बोलतो, पटल्या तर घ्या.

पहिली, समुद्राकडून नदीकडे उलटं जाणं ही आमच्याकडे रोजची गोष्ट आहे. भरतीला माहीमच्या खाडीत उभे राहा, मिठी नदीचं पाणी उलटं आत चढताना दिसेल. तेव्हा ताई म्हणतात ते चित्र मला लगेच दिसलं.

दुसरी, मासा झाडावर चढत नाही असं कोण म्हणतं? निवटी बघितली आहे का? ओहोटीला खाजणात चिखलावर उड्या मारत असते आणि तिवराच्या मुळांवर, खोडाच्या बुंध्यावर चढून बसते. पुढचे दोन पंख हातासारखे टेकते, डोळे डोक्यावर बटणासारखे. पकडायला जा, सुळकन बिळात. आमच्याकडे कालवण करतात तिचं. म्हणून म्हणतो, तुमचं 'अशक्य' आमच्याकडे ताटात असतं. मग कोडं कुठे राहिलं?

गण्या_दादर

हे मस्त. कबीर काशीचा, त्याने निवटी कुठून बघायला? काशीला खाजण नाही.

वरळीचा_दर्यावर्दी

तेच म्हणतोय. ऐकणाऱ्याला अशक्य वाटलं पाहिजे. पण मी आणखी एक विचार केला. निवटी वर चढते ती पाण्याच्या भरवशावर. अंग ओलं ठेवते, गालफडांत पाणी धरते, भरती आली की परत. ह्या कबीराच्या मासळीला परतायला पाणीच उरलेलं नाही. नद्या कोळसा. ती जी चढली ती चढली. बुवा म्हणतात तडफडली, पण साखीत तडफडली असं कुठे लिहिलंय? मासा पाण्याबाहेर मरतो हे आपण आपल्या डोक्यातून घालतोय.

मंजिरी_पार्ले

दर्यावर्दी, हे मला इतक्या वर्षांत कोणी वर्गात सांगितलं नाही! अगदी बरोबर. उलट्या जगात सुलट जगाचा नियम चोरपावलांनी आणायचा नाही. समुद्र पेटू शकतो हे मान्य केलं की मासळी झाडावर जगू शकते हेही मान्य करावं लागतं. अर्धं चित्र उलटं आणि अर्धं सुलट वाचलं की बुवांसारखा अर्थ निघतो. ही चूक फार होते आणि ती ओळखायची खूण सोपी आहे: आपल्या अर्थात एखादं क्रियापद असं येतं जे मूळ ओळीत नसतं. इथे 'तडफडते', 'मरते' ही बुवांची क्रियापदं आहेत. साखीत आहे फक्त 'चढ़ि गई'.

सदानंद_काका

मला कोणी उत्तर दिलं नाही. मासळी झाडावर चढली म्हणजे वर गेली, हे तुम्हीही म्हणताय. मग प्राण मेरुदंडातून वर गेला यात चूक काय? कबीराच्या आधी नाथांनी हेच म्हटलं आहे. गोरखबानीत स्पष्ट आहे, 'डूंगरि मंछा जलि सुसा पांणी मैं दौं लागा'. डोंगरावर मासा, पाण्यात ससा, पाण्याला वणवा. हे योग्यांचं आहे, वेगळं सांगायला नको.

मंजिरी_पार्ले

काका, ही ओळ तुम्ही आणलीत ते बरं झालं. पाण्यातली आग आणि उंचावरचा मासा ही दोन्ही चित्रं कबीराला नाथांकडून आलेली आहेत, यात मला शंका नाही. त्याच्याही मागे जायचं तर बौद्ध सिद्धांच्या चर्यागीतांत ढेंढणपा म्हणतो, बैल व्याला आणि गाय वांझ. ही जुनी टांकसाळ आहे. आणि गोरखाच्या ओळीत मासा डोंगरावर चढणं याचा योगपर अर्थ मी खुशाल घेईन.

पण नाणं तेच असलं तरी कबीराने त्यावर विरहाचा छाप मारला आहे. तुमची किल्ली त्याच अंगातल्या दुसऱ्या साखीला लावून बघा:

झल उठी झोली जली, खपरा फूटिम फूटि।
जोगी था सो रमि गया, आसणि रही विभूति॥

ज्वाळा उठली, झोळी जळली, खापर फुटून तुकडे झाले. जोगी होता तो निघून गेला, आसनावर राख उरली. इथे आगीत काय जळतंय ते पाहा: झोळी, खापर, आसन. जोग्याचंच सामान! योगाची साधनं ज्या आगीत भस्म होतात, त्या आगीला नुसती कुंडलिनी म्हणून भागेल का?

सदानंद_काका

भागेल. साधन संपलं म्हणजे सिद्धी झाली. होडी सोडतोच ना आपण, पलीकडे गेल्यावर. तुम्ही याला विरह म्हणा, मी समाधी म्हणतो.

मंजिरी_पार्ले

हं. यावर आपलं जमणार नाही बहुधा. पण नद्या म्हणजे इडा-पिंगला हे तरी सोडा. इडा-पिंगला दोन. 'बहती सलिता' एकवचनी आहे, 'नदियां' अनेक, नक्की किती ते कुठेच नाही. आकडा ओळीत नसताना बाहेरून घातला की समजावं, अर्थ आधी ठरला आणि ओळ नंतर वाचली.

विठाई_वडाळा

मी वाचत होते नुसतं. मुक्ताईचा अभंग निघाला म्हणून लिहिते. आमची आई दळताना म्हणायची, पुढे मी वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात बायकांबरोबर म्हणायला लागले.

मुंगी उडाली आकाशीं । तिणें गिळिलें सूर्याशीं ॥
थोर नवलाव जाला । वांझे पुत्र प्रसवला ॥
विंचु पाताळाशी जाय । शेष माथां वंदी पाय ॥
माशी व्याली घार झाली । देखोनि मुक्ताई हांसली ॥

आई म्हणायची, मुंगी म्हणजे आपण. एवढासा जीव. सूर्य म्हणजे ज्याला आपण लांबून नमस्कार करतो तो. उडाली आणि गिळलं, आता लांब काही उरलंच नाही. तिला शाळा नव्हती. मी हेच बायकांना सांगते. चूक असलं तर सांगा, सुधारीन.

मंजिरी_पार्ले

मावशी, सुधारायचं काही नाही. तुमच्या आईचा अर्थ अभंगभर चालवून बघू. मुंगी सूर्य गिळते: लहानाने थोराला पोटात घेतलं. विंचू पाताळात जातो आणि शेष त्याच्या पाया पडतो: दोघेही विषारी, पण एक बोटभर आणि दुसरा पृथ्वी डोक्यावर धरणारा, आणि वंदन करतो तो मोठा. माशी व्याली आणि घार झाली: क्षुद्र उडणाऱ्यातून आभाळ कापणारं निघालं. तीनही चित्रांचा साचा एकच आहे, लहान मोठ्याला व्यापतं किंवा मोठं होतं. म्हणजे वेगवेगळी कोडी नाहीत, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा फिरवून सांगितली आहे. 'मुंगी म्हणजे आपण' हे तिन्ही ठिकाणी टिकतं.

काका, तुमची कुंडलिनी मात्र तिसऱ्या ओळीत अडचणीत येते. मुंगी वर गेली ठीक, पण विंचू पाताळात, खाली जातो. तीच शक्ती एका ओळीत वर आणि एका ओळीत खाली?

सदानंद_काका

विंचू म्हणजे अपान वायू. अपान खालीच जातो. आणि हे विसरू नका की मुक्ताबाई नाथपंथातल्या. निवृत्तिनाथांचे गुरू गहिनीनाथ. योग त्यांच्या घरचा होता.

मंजिरी_पार्ले

योग घरचा होता हे शंभर टक्के मान्य. पण मुंगीला कुंडलिनी, विंचवाला अपान, मग माशीला काय? प्रत्येक ओळीला नवं पात्र आणावं लागलं की ओढाताण होते आहे असं समजायचं. वांझेचा पुत्र मात्र मलाही साच्याबाहेरचा वाटतो. तिथे लहान-मोठं नाही, 'नाही'तून 'आहे' झालंय. वांझ म्हणजे माया आणि पुत्र म्हणजे बोध असं बरेच जण सांगतात. मला ते पूर्ण पटलेलं नाही, पण याहून चांगलं माझ्याकडे काही नाही.

विठाई_वडाळा

आई तिथे थांबायची. काही बोलायची नाही, पुढचं कडवं घ्यायची. तिची पहिली दोन मुलं गेलेली, म्हणून असेल.

चिंगी_गिरगाव

मावशी ❤️ 

मला आता थोडं थोडं कळतंय. एक विचारू? शेवटी मुक्ताई 'हांसली' आणि इथे 'देखि कबीरा जागि'. दोघेही शेवटी आपलं नाव घालून बघतायत. एक हसते आणि एक जागा होतो. हे सहीपुरतंच आहे का?

मंजिरी_पार्ले

च-ची भाषेवरून इथवर! चिंगी, छान प्रश्न आहे. नाममुद्रा तर आहेच, पण या दोन ठिकाणी ती काम करते. चित्र अशक्य आहे, आणि ते बघणारं कोणीतरी आहे. स्वप्नात समुद्र पेटला तर आपण जागे होतो आणि पेटलेला समुद्र नाहीसा होतो. इथे जागं झाल्यावर तो दिसतो. मुक्ताईही घाबरत नाही, हसते. पाहणाऱ्याचा हा भाव म्हणजे चित्र शुभ की अशुभ याचा शेवटचा निकाल असतो. परळकर, बुवांना एवढं विचारा: मासळी मरत असती तर कबीराला जागं होऊन ती बघायला कोण कशाला सांगेल?

गण्या_दादर

सावध करायला सांगेल! 'जागा हो रे, बघ काय झालं तुझं.' उपदेशात असं बोलतातच की. ही कसोटी मला कच्ची वाटते. सद्गुरूवाली पक्की होती.

मंजिरी_पार्ले

कबूल, एकटीने ती निकाल देणार नाही. बाकीच्यांच्या जोडीला आहे.

परळकर

मंडळी, काल बुवांशी बसलो. 'सतगुर गया लगाइ' वाचून दाखवलं. ते बराच वेळ पेटी दाबत राहिले आणि म्हणाले, मग चालही बदलावी लागेल, मी शोकाची बांधली होती. तेव्हा आता असं ठरलंय: आधी 'हिरदा भीतरि', मग 'झल उठी', मग 'पाणी माहैं', आणि शेवटी आमची मूळ साखी. मी मध्ये कमीत कमी बोलणार. क्रम लावला की लोक स्वतःच जोडतील असं वाटतं. मावशी, त्याच दिवशी 'मुंगी उडाली'ही घेतोय, आपण याल का?

विठाई_वडाळा

गुडघे साथ देतील तर येईन. पहिला मजला की दुसरा?

परळकर

तळमजल्यावर, अंगणातच मांडव.

आता शेवटची अडचण. त्याच अंगात ही सापडली आणि आमची गाडी परत रुतली:

गुर दाधा चेला जल्या, बिरहा लागी आगि।
तिणका बपुड़ा ऊबर्या, गलि पूरै के लागि॥

गुरू होरपळला, चेला जळला, विरहाची आग लागली. बिचारी काडी तेवढी वाचली, पूर्णाच्या गळ्याला लागून. ज्या सद्गुरूने आग लावली तोच इथे होरपळलाय? आणि आगीत सगळ्यात आधी काडी जळते, ती वाचते कशी?

मंजिरी_पार्ले

उलटेपणा तर समोरच आहे, सगळ्यात ज्वलनशील तेच वाचलं. काडी म्हणजे अहंकार गळालेला, काही वजनच न उरलेला जीव, आणि तो पूर्णाला, परमात्म्याला चिकटला म्हणून तरला, असं मी शिकवायचे. पण मग चेला कोण? जळला तोही जीव आणि वाचला तोही जीव? वर्गात एका मुलीने हेच विचारलं होतं.

सदानंद_काका

काडी म्हणजे सुषुम्ना.

गण्या_दादर

काका!!

वरळीचा_दर्यावर्दी

काडी पाण्यावर तरंगते. बाकी सगळं बुडतं. पण समुद्रच पेटलाय म्हटल्यावर तेही चालत नाही. माझा पास.

विठाई_वडाळा

गुरू-चेला हे नातं जळलं असेल. दोघं वेगळे होते तोवर गुरू आणि चेला. नंतर जे उरलं त्याला काय नाव द्यायचं, म्हणून काडी म्हटलं असेल.

गण्या_दादर

मावशी, हे सुंदर आहे, पण 'पूरै के लागि' म्हणजे अजून चिकटणारा आणि ज्याला चिकटला तो असे दोन शिल्लक आहेतच की. नातं जळलं म्हणता आणि नवं नातं लगेच पुढच्या ओळीत.

मंजिरी_पार्ले

म्हणूनच त्याच अंगात कबीर चिमटा काढून ठेवतो, 'उतर दषिण के पंडिता, रहे बिचारि बिचारि', उत्तर-दक्षिणेचे पंडित विचारच करत राहिले. परळकर, ही काडीची साखी कार्यक्रमात घ्या, पण निरूपणाशिवाय. आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणी काही बोललं तर इथे येऊन लिहा.